शेवटची ओळ फसते कुठे? लिमरिक लिहिणाऱ्यांचे आणि वाचणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हळदीकुंकवापासून गणपतीच्या मांडवापर्यंत आणि गावोगावच्या साहित्य संमेलनांपर्यंत विनोदी कविता वाचायची संधी काही कमी नसते. लिहिणारेही भरपूर आहेत. चार ओळी झकास जमतात आणि पाचवीला मांडव गप्प बसतो, ही तक्रार मात्र सगळ्यांची. त्या पाचव्या ओळीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. बहुतेक ठिकाणी एकच लिमरिक उदाहरणाला घेतलंय. दर प्रश्नाला नवं उदाहरण घेतलं की शेवटी काहीच लक्षात राहत नाही.

लिमरिकचा साचा थोडक्यात सांगाल का?

पाच ओळी. पहिली, दुसरी आणि पाचवी लांब, त्यांचं यमक एक. तिसरी आणि चौथी आखूड, त्यांचं यमक वेगळं. इंग्रजीत लांब ओळीत तीन ठोके आणि आखूड ओळीत दोन ठोके धरतात. मराठीत आपण मात्रा धरू. लांब ओळीला सोळा, म्हणजे चार-चारचे चार गट, आणि आखूड ओळीला आठ. हा काही शास्त्राने घालून दिलेला नियम नाही. चौदा-सात घेऊनही छान चालतं. एकदा धरलेलं माप शेवटपर्यंत पाळायचं, एवढंच.

हशा नक्की कुठल्या शब्दावर यायला पाहिजे?

पाचव्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर. तो एका शब्द आधी आला तर उरलेला शब्द हशात बुडतो आणि यमक कुणालाच ऐकू जात नाही. उशिरा आला तर लोकांना अर्थ लावत बसावं लागलं असं समजा.

हे उदाहरण बघा.

गवळी अमुचा, गाव निपाणी,
वाणी त्याची गोड शहाणी;
   दुधात मासा!
   "करा खुलासा!"
"बघा किती हे निर्मळ पाणी!"

'निर्मळ'पर्यंत ऐकणाऱ्याला वाटतं, गवळी आता दुधाची बाजू घेणार. 'पाणी' आलं आणि त्याने स्वतःच्या तोंडाने सगळं कबूल केलं, तेही अभिमानाने. सगळा स्फोट त्या दोन अक्षरांत आहे, आणि त्यांच्यानंतर ओळीत काहीच उरत नाही.

म्हणजे शेवटची ओळ आधी लिहायची?

हो. वरच्याच लिमरिकचा पहिला खर्डा साधारण असा होतो.

गवळी अमुचा, गाव निपाणी,
दुधात ओते रोजच पाणी;
   दुधात मासा!
   "करा खुलासा!"
तेव्हा कळली लबाड वाणी.

मात्रा बरोबर आहेत, यमक बरोबर आहे, गोष्टही तीच आहे. तरी हसू येत नाही. का, ते नीट बघायला हवं, कारण दहातल्या आठ फसलेल्या लिमरिकांत हेच झालेलं असतं.

वरून खाली लिहिताना 'निपाणी' लिहिलं की लगेच 'पाणी' सुचतं. सगळ्यात सोपं यमक म्हणून ते दुसऱ्या ओळीत खर्ची पडतं. गवळी दुधात पाणी घालतो हे गुपित तिथेच फुटलं. मग पाचव्या ओळीला उघड करायला काही शिल्लक राहत नाही, आणि यमकाची जागा भरायला 'लबाड वाणी'सारखं तात्पर्य येऊन बसतं. तात्पर्यावर लोक मान हलवतात, हसत नाहीत.

दुरुस्ती फार मोठी नाही. 'पाणी' उचलून पाचव्या ओळीच्या टोकाला न्यायचं आणि दुसऱ्या ओळीत असं यमक घालायचं की जे काहीच फोडणार नाही, उलट थोडी दिशाभूल करेल. 'वाणी त्याची गोड शहाणी' ऐकून वाटतं, हा माणूस काहीतरी गोड बोलून सुटणार. तसं तो बोलतोही. फक्त सुटत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी शेवटचा शब्द ठरवा. मग तो शब्द ज्याच्या तोंडी शोभेल असं वाक्य. मग त्याच यमकाचे आणखी दोन शब्द शोधा, आणि त्यातला जो जास्त निरुपद्रवी तो दुसऱ्या ओळीला द्या. तिसरी-चौथी सगळ्यात शेवटी.

निपाणी म्हटलं की पाणी येणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग आश्चर्य कसलं?

चांगला प्रश्न आहे. आपल्या भागातल्या गावांची यमकं इतकी ठरलेली आहेत की ती लपवणं अवघड. चिकोडी म्हटलं की गोडी, खोडी, जोडी. खानापूर म्हटलं की तिथल्या पावसामुळे पहिला शब्द 'पूर'च सुचणार. गोकाकला ताक आणि नाक.

पण शब्द आधीच कळला म्हणून बिघडत नाही, अर्थ कळला की बिघडतं. वरच्या लिमरिकमध्ये 'पाणी' येणार हे पुढच्या रांगेला दुसऱ्या ओळीपासून वाटत असेल, तरी ते 'निर्मळ' होऊन गवळ्याच्याच तोंडून येईल हे कुणाच्या डोक्यात नसतं. ओळखीचा शब्द अनोळखी वाटेने आला की ऐकणाऱ्याला दोन सुखं मिळतात, एक बरोबर ओळखल्याचं आणि एक फसल्याचं.

यमक ओळखीचं आणि अर्थही ओळखीचा, असं झालं तर मात्र ते टाकून द्यावं. खानापुरात पूर आला, ही बातमी झाली.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. गावाच्या नावाला प्रत्यय लावू नका. 'गवळी निपाणीचा' लिहिलंत की शेवटी 'पाण्याचा' म्हणावं लागतं आणि यमक तुटतं, कारण 'निपाणी'ला प्रत्यय लागला तरी ती तशीच राहते आणि 'पाणी'चं 'पाण्या' होतं. 'गाव निपाणी' ही जुनी, सरळ मांडणी त्यासाठीच वापरली आहे. संकेश्वरसारखं नाव असेल, ज्याला धड यमक मिळत नाही, तर ते ओळीच्या मध्ये घाला. गाव टोकालाच पाहिजे असा काही कायदा नाही.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. मग हशाचा शब्द शेवटी आणायचा कसा?

आपल्या भाषेतली खरी अडचण हीच आहे, आणि इंग्रजी लिमरिक वाचून लिहायला बसणाऱ्यांना ती सांगितली जात नाही. बोलताना आपण म्हणतो, 'हे पाणी किती निर्मळ आहे.' इथे स्फोट दुसऱ्या शब्दावर झाला आणि मागे तीन शब्द रांगेत उभे राहिले. 'आहे', 'होता', 'गेला', 'म्हणाला' ही क्रियापदं शेवटी आली की ओळीची शेपटी लोंबते.

यावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे शेवटची ओळ पात्राच्या तोंडी देणं. माणूस बोलताना क्रियापद सहज गाळतो. 'बघा किती हे निर्मळ पाणी' यात 'आहे' नाही आणि त्याची आठवणही होत नाही. तेच निवेदन म्हणून लिहिलं असतं तर 'म्हणाला', 'सांगितले' यांतलं काहीतरी कुठेतरी बसवावंच लागलं असतं. 'म्हणतो' लागलाच तर तो ओळीच्या सुरुवातीला टाका. तिथे तो उपयोगी पडतो, लोकांचं लक्ष बोलणाऱ्याकडे वळवतो.

शब्दांची उलटापालट करून क्रियापद ओळीच्या सुरुवातीकडे नेता येतं, पण जपून. 'पाहिला म्यां नयनी मासा' असं काही लिहिलंत तर ऐकणारा भाषेवर अडखळतो आणि त्याच क्षणी विनोद निसटतो.

विशेषण कुठे ठेवायचं तेही बघा. 'निर्मळ' हा शब्द 'पाणी'ला लागून, त्याच्या आधी आहे. 'पाणी बघा किती निर्मळ' केलं की भांडं आधी फुटलं आणि कौतुक नंतर आलं.

तिसरी आणि चौथी ओळ आखूड का असते? तिथे जरा वर्णन घातलं तर?

वर्णन घालू नका. त्या दोन ओळींचं काम घाई करणं आहे. आठ-आठ मात्रा मिळून एका लांब ओळीएवढा वेळ होतो, पण त्यात यमक दोनदा येतं, त्यामुळे चाल दुप्पट झाल्यासारखी वाटते. ऐकणारा त्या वेगात असतानाच पाचवी लांब ओळ सुरू होते आणि त्याला थांबून वाट बघावी लागते. ती वाट बघणं हीच हशाची तयारी.

'दुधात मासा! करा खुलासा!' यात काय झालं आणि कोण कुणावर ओरडलं, सगळं आलं. 'दुधात मासा दिसला खासा' असंही मात्रेत बसतं. पण 'खासा' तिथे केवळ यमकाला आला आहे, आणि मुख्य म्हणजे प्रश्नच विचारला गेला नाही. प्रश्न नसेल तर पाचवी ओळ उत्तर कशाचं देणार? चौथ्या ओळीच्या शेवटी काहीतरी अडलेलं असलं पाहिजे. तक्रार, प्रश्न, आरोप, उघडलेलं दार, काहीही चालेल.

उखाण्यांची सवय असलेल्यांना हे जड जातं, असं माझं निरीक्षण आहे. उखाण्यात पहिला अर्धा भाग नुसता यमकाची सोय असतो, चांदीची वाटी आणि सोन्याचं ताट, कारण सगळ्यांना नावाचीच उत्सुकता असते. तिथे भरताड खपून जातं. लिमरिकमध्ये खपत नाही.

मात्रा मोजाव्याच लागतात का? कानाला बरं वाटलं की झालं ना?

पहिल्या चार ओळींत एखादी मात्रा इकडेतिकडे झाली तर वाचणारा ती ओढून किंवा गिळून सांभाळतो. पाचव्या ओळीत ती सूट घेऊ नका. 'बघा किती हे स्वच्छ आणि निर्मळ पाणी' असं केलंत तर सहा मात्रा वाढल्या, आणि त्या नेमक्या स्फोटाच्या आधी वाढल्या. ऐकणाऱ्याच्या मनात चार ओळींनी एक ठेका तयार केलेला असतो आणि शेवटचा शब्द कधी पडणार हे त्याचा कान आधीच ठरवून बसलेला असतो. शब्द उशिरा पडला की कान आधी चूक पकडतो आणि अर्थ नंतर.

मोजायची रीत तुम्ही शाळेत शिकला आहात. ऱ्हस्व एक, दीर्घ दोन, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर जोर घेत असेल तर दोन. ब-घा-कि चार, ती-हे चार, निर्-म-ळ चार, पा-णी चार. टेबलावर बोटाने वाजवून बघितलं तरी चालतं.

शेवटच्या ओळीत कन्नड शब्द टाकला तर चालेल काय ओ?

आपल्याकडे चालतोच, आणि कधीकधी दुसरं काही चालत नाही. हे बघा.

वसुलीवाला फिरतो जिल्हा,
छातीवरती चकचक बिल्ला;
   पुसे मराठी;
   दारापाठी
बंडू म्हणतो, "सर, गोत्तिल्ला!"

बेळगावात, खानापुरात, अथणीत हे वाचलंत तर 'गोत्तिल्ला' म्हणजे 'माहीत नाही' हे कुणाला सांगावं लागत नाही. शिवाय गोम अशी की बंडू नावाच्या माणसाला मराठी कळत नाही, हे सोंग आपल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं असतं. तिसऱ्या ओळीतला 'मराठी' हा शब्द म्हणून महत्त्वाचा. तो काढला तर पाचव्या ओळीतला कन्नड शब्द नुसता कन्नड शब्द राहील.

हेच पुण्यात वाचायचं असेल तर वाचू नका, दुसरं वाचा. आधी अर्थ सांगून मग वाचलंत तर स्फोट आधीच झालेला असतो, आणि नंतर सांगितलात तर तुम्ही हशा उधारीवर मागताय. शब्दाचा अर्थ लिमरिकमध्येच पेरता येतो असं काही जण म्हणतात. सोळा मात्रांत ते जमताना मी तरी पाहिलेलं नाही.

वाचताना शेवटच्या शब्दाआधी किती थांबायचं?

शब्द कुठल्या जातीचा आहे त्यावर आहे. 'पाणी'सारखा, यमकामुळे लोकांना अंदाज आलेला शब्द असेल तर त्याच्या आधी अजिबात थांबू नका. थांबलात की पुढच्या रांगेतले काका तो तुमच्याआधी म्हणतात आणि हशा त्यांच्या खिशात जातो. 'गोत्तिल्ला'सारखा, कुणाच्या स्वप्नातही नसलेला शब्द असेल तर 'सर' म्हणून क्षणभर थांबा. तिथे थांबणं फायद्याचं, कारण ओळखायला कुणालाच येणार नाही.

दोन्ही जातींत चौथ्या ओळीनंतर मात्र थांबायचंच. 'करा खुलासा!' म्हणून एक गट सोडा, म्हणजे मनात 'गवळी' म्हणायला लागतो तेवढा वेळ. तेवढ्यात आवाज बदला. खुलासा मागणारा चिडलेला आहे, उत्तर देणारा लोण्यासारखा मऊ. हा बदल नीट केला तर अवतरणचिन्हं ऐकू येतात.

आणि शेवटचा शब्द टाकून झाल्यावर गप्प राहा. मांडवात भोंग्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचून हशा परत यायला वेळ लागतो. तो यायच्या आत 'पुढची रचना अशी...' सुरू करणारे कवी स्वतःच्याच हशावर पाय देतात.

कविसंमेलनात प्रत्येक ओळ दोनदा वाचतात. तसं करू का?

पहिल्या दोन ओळी दोनदा वाचा, खुशाल. उलट फायदाच होतो. मागे चहाचे पेले वाजत असतात, गाव आणि माणूस कोण ते लोकांच्या डोक्यात बसायला हवं, आणि यमकही पक्कं होतं. तिसरीपासून पुढे एकदाच. तिसरी-चौथी दोनदा म्हटलीत की त्यांची घाई संपली. पाचवी दोनदा म्हणणं म्हणजे हसलेल्या माणसाला पुन्हा गुदगुल्या करणं. लोकांनीच 'पुन्हा, पुन्हा' म्हटलं तर मात्र नुसती पाचवी म्हणू नका, पहिल्यापासून पाची म्हणा.

एडवर्ड लिअरच्या लिमरिकांत तर शेवटी पहिल्याच ओळीतला शब्द परत येतो. तिथे कुठे स्फोट आहे?

नाहीच. 1846 साली त्याचा निरर्थक कवितांचा संग्रह आला, तेव्हा त्याची रीतच ती होती. पाचवी ओळ बऱ्याचदा पहिल्या ओळीतल्या गावाच्या नावावरच येऊन थांबते. गंमत मधल्या वेडेपणात आणि सोबतच्या चित्रांत असते. शेवटी कलाटणी हवी ही अपेक्षा लिमरिकला नंतर चिकटली. लिअरची रीत लहान मुलांपुढे अजूनही उत्तम चालते, त्यांना तोच शब्द परत आलेला आवडतो. मोठ्यांच्या मांडवात चालत नाही.

व्हॉट्सॅपवर पाठवताना काही वेगळं करायचं?

डोळा कानासारखा रांगेत उभा राहत नाही, तो आधी शेवटची ओळ बघून घेतो. म्हणून चौथ्या आणि पाचव्या ओळीत एक रिकामी ओळ सोडा. शेवटच्या शब्दाला ठळक करू नका, आणि हसरे चेहरे तर मुळीच टाकू नका. हसायचं कुठे ते वाचणाऱ्याला कळतं.

चारोळी किंवा वात्रटिकेलाही हेच लागू?

शेवटचा शब्द, लोंबणारं क्रियापद, आधीच फुटलेलं गुपित, हे सगळं लागू. फरक एवढाच की तिथे घाई करायला आखूड ओळी नसतात, त्यामुळे अडवायचं काम शेवटच्या आधीच्या ओळीलाच एकटीने करावं लागतं.

कुणी हसलंच नाही. कुठे बिघडलं हे कसं ओळखायचं?

लोकांचे चेहरे बघा, कागद नको.

दुसऱ्या ओळीलाच मंद हसू आलं आणि पाचवीला काही नाही, तर गुपित वर फुटलंय. पाणी खाली न्या.

पाचवी संपली आणि क्षणभराने दोघे-तिघे हसले, बाकीचे त्यांच्याकडे बघतायत, तर अर्थ लावायला वेळ लागला. बहुतेक वेळा चौथ्या ओळीत प्रश्न स्पष्ट नसतो. कोण कुणाशी बोलतंय तेच कळलेलं नसतं.

'वा, छान' म्हणून टाळ्या पडल्या, तर शेवटी तात्पर्य आलंय. आपले लोक सभ्य आहेत, तात्पर्याला टाळी देतात.

हशा आला पण तुमचा शेवटचा शब्द त्यात बुडाला, तर स्फोट एक शब्द आधी आहे. विशेषण आणि नाम यांची अदलाबदल करून बघा.

आणि कुणी 'म्हणजे ओ?' असं विचारलं, तर समजावून सांगत बसू नका. हसून पुढचं वाचा आणि घरी गेल्यावर तिसरी-चौथी ओळ नव्याने लिहा.